नीटच्या हॉल तिकिटावरच्या सूचना गावाकडच्या पोराला मराठीत कशा कळवाव्यात

गावात ज्याला थोडंफार इंग्रजी येतं, त्याच्याकडे एप्रिलच्या शेवटी हमखास एक पीडीएफ येते. सोबत एक ओळ असते, ‘दादा, ह्यात काय लिहिलंय तेवढं सांगा की.’ हॉल तिकीट परीक्षेच्या चार-पाच दिवस आधी निघतं, पानं भरगच्च असतात, आणि घरात ती वाचणारं दुसरं कोणी नसतं. मुलं अकरावी-बारावीला विज्ञान इंग्रजीत शिकलेली असतात, पण ‘ऑस्मॉसिस’ कळणं वेगळं आणि सरकारी इंग्रजी कळणं वेगळं. हा लेख त्या दादासाठी आणि ताईसाठी आहे.

उदाहरण नीटचं घेतो, कारण तिथे नियम सगळ्यात कडक आहेत. आकडे २०२५ च्या परीक्षेचे आहेत. तुम्ही मात्र समोरच्या हॉल तिकिटातलेच आकडे घ्या, गेल्या वर्षीचा मेसेज काढून त्यात नाव बदलू नका. विद्यार्थिनी धरू जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका वस्तीवरची आणि परीक्षेचं शहर सांगली.

आधी कागद कोणता ते बघा

नीटमध्ये हॉल तिकिटाच्या आधी एक ‘सिटी इंटिमेशन स्लिप’ येते. त्यात फक्त शहर असतं, केंद्राचा पत्ता नसतो. ती म्हणजे हॉल तिकीट नव्हे. दोन्हींवर नाव आणि अर्ज क्रमांक असल्यामुळे घरचे स्लिपचीच प्रिंट काढून निवांत बसतात. ज्यावर ‘ॲडमिट कार्ड’ लिहिलंय आणि केंद्राचं नाव, पत्ता, वेळा छापल्यात, तेच खरं.

पत्ता मराठीत लिहिताना ‘शहर सांगली’ एवढ्यावर थांबू नका. सांगली-मिरज-कुपवाड ही एकच महानगरपालिका आहे, त्यामुळे हॉल तिकिटावर सांगली असलं तरी केंद्र प्रत्यक्षात मिरजेत असू शकतं. जतकडून कवठेमहांकाळमार्गे येणाऱ्या एसटीला मिरज आधी लागतं. केंद्र मिरजेत असताना पोरगी सांगली स्टँडला उतरली, तर तिला परत मागे यावं लागेल. म्हणून पत्त्याखाली स्वतःची एक ओळ घाला: कुठल्या स्टँडवर उतरायचं आणि रिक्षावाल्याला काय सांगायचं.

वेळा: एक नव्हे, तीन

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हॉल तिकिटावर तीन वेळा असतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे. ‘रिपोर्टिंग टाइम’ ही त्या विद्यार्थ्याला दिलेली वेळ. गर्दी विभागली जावी म्हणून ती प्रत्येकाला वेगवेगळी असते, म्हणून मैत्रिणीची वेळ आपली समजायची नाही. ‘गेट क्लोजिंग टाइम’ म्हणजे फाटक बंद, २०२५ ला दुपारी १:३०. आणि परीक्षा दुपारी २ ते ५.

आपल्या मुलीची रिपोर्टिंगची वेळ सकाळी ११:३० आहे असं धरू. अनुवाद करणारा बहुतेक वेळा यातली एकच वेळ ठळक करतो, आणि कुठलीही एक ठळक केली तरी फसतं. ‘साडेअकराला हजर राहा’ एवढंच लिहिलं आणि कवठेमहांकाळजवळ एसटी बंद पडून पावणेबारा वाजले, तर बाप म्हणणार, ‘वेळ गेली, चला माघारी.’ प्रत्यक्षात फाटक उघडं असतं. उलट ‘दीडला फाटक बंद’ एवढंच लिहिलं, तर घरचे एक वाजता पोचायचा हिशेब करतात आणि तपासणीच्या रांगेत जीव टांगणीला लागतो. म्हणून दोन्ही वेळा लिहा आणि त्यांच्यातलं नातंही लिहा: ‘साडेअकराला पोच. उशीर झाला तरी परत फिरू नको, दीडच्या आत आत गेलीस तर चालतं. दीडनंतर कोणी आत घेत नाही, कितीही विनवलं तरी.’

एएम-पीएम तसंच ठेवू नका, सकाळी-दुपारी लिहा. विशेषतः सूचनांत १२:३० पीएम असा उल्लेख येतो, तो बघून ‘रात्री साडेबारा?’ असं विचारणारे आहेत. वेळ आकड्यात आणि अक्षरात अशी दोन्हींत द्या: ‘दुपारी १:३० म्हणजे दीड’. फोनवर सांगताना लोक दीड, अडीच, पावणेदोन असंच बोलतात, त्यामुळे आजीने आईला आणि आईने बापाला सांगेपर्यंत आकडा शाबूत राहतो. अर्ज क्रमांक आणि रोल नंबर मात्र आहेत तसे, छापलेल्याच आकड्यांत ठेवा. ते देवनागरीत उतरवायला गेलात तर एखादा अंक हमखास हुकतो, आणि केंद्राबाहेर चिकटवलेल्या यादीशी तो जुळवायचा असतो.

मग निघायची वेळ. ही हॉल तिकिटात नसते, पण घरच्यांना खरी तीच हवी असते. हिशेब मागून पुढे करा. साडेअकराच्या आधी अर्धा तास हाताशी ठेवून अकराला फाटकापाशी पोचायचं, म्हणजे साडेदहाला स्टँडवर. जत ते सांगली ऐंशीएक किलोमीटरच्या पुढेच आहे, थांबे धरून अडीच ते तीन तास लागतात असं समजा. म्हणजे जतमधून साडेसातची गाडी. वस्तीवरून जतला जाणारं वडाप, म्हणजे शेअर जीप, भरेपर्यंत थांबतं, त्यामुळे सव्वासहाला घर सोडायला हवं. एक गाडी चुकली तर पुढची साडेआठच्या सुमाराला मिळून ती बाराच्या आसपास पोचवते का, हेही बघून ठेवा, कारण तेवढंच पाठबळ आपल्याकडे आहे. इथे दोन गोष्टी लोक विसरतात. नीट रविवारी असते, आणि कॉलेजच्या मुलांसाठी सुटणाऱ्या फेऱ्या रविवारी बंद असू शकतात. शिवाय मे महिना म्हणजे लग्नसराई, वडाप सकाळपासूनच वऱ्हाडाने भरलेलं. स्टँडवरच्या चौकशी खिडकीत आदल्या दिवशी ‘उद्या रविवारची पहिली सांगली किती वाजता?’ असं विचारायला घरच्या कोणाला तरी पाठवा.

हा सगळा हिशेब मेसेजमध्ये नियमांच्या खाली, वेगळा लिहा आणि वर ‘हे माझं सांगणं’ असं स्पष्ट म्हणा. नाहीतर ‘सव्वासहाला घर सोडणे’ हाही नियम वाटतो. आणि पुढच्या वर्षी शेगावच्या मुलाला तोच मेसेज फिरवला, तर त्याचं गणित भलतंच होतं.

बंदी असलेल्या वस्तू: शब्द नव्हे, घरातली वस्तू लिहा

गावाकडच्या मुलांनी आतापर्यंत दिलेल्या मोठ्या परीक्षा म्हणजे दहावी आणि बारावी. बोर्डाच्या परीक्षेला पॅड लागतं, कंपास लागते, दोन पेनं जास्तीची लागतात, पेपर अकराचा असेल तर साडेदहाला गेलं तरी भागतं. ही सवय डोक्यात पक्की असते. त्यामुळे ‘पेन, स्केल, रायटिंग पॅड, जॉमेट्री बॉक्स प्रोहिबिटेड’ हे वाचूनही पोरगी पॅड घेते, कारण तिच्या मते परीक्षा आणि पॅड वेगळं होऊच शकत नाही. इथे नुसता अनुवाद पुरत नाही, ती सवय नाव घेऊन मोडावी लागते: ‘बारावीसारखं पॅड, पेन, कंपास न्यायचं नाही. पेन तिथेच मिळतं.’ ‘पेन तिथेच मिळतं’ हे तीन शब्द नसतील तर ती एक पेन तरी लपवून नेणारच, आणि त्यात तिची चूक नाही.

‘मेटॅलिक आयटम्स’चं ‘धातूच्या वस्तू’ असं लिहिलं की माणसाच्या डोळ्यांपुढे पातेलं येतं. कानातले, चमकी, पैंजण, चेन, अंगठी, केसांच्या पिना आणि क्लचर, घराची किल्ली, मुलांच्या हातातलं कडं, असं लिहा. हातातला ताईत पितळेचा किंवा चांदीचा असेल तर तोही त्यातच आला. कानातले लहानपणी घातले ते तेव्हापासून काढलेच नाहीत, अशा मुली असतात. फिरकी इतकी घट्ट बसलेली असते की केंद्राच्या दारात उन्हात उभं राहून निघत नाही आणि कान लाल होतो. आदल्या रात्री खोबरेल लावून घरीच काढायचे, हे मेसेजमध्ये सांगा.

‘गॉगल्स’चा अनुवाद ‘चष्मा’ करू नका. यादीत गॉगल आहे, म्हणजे उन्हाचा काळा चष्मा. नंबरचा चष्मा घरी ठेवून आलेली मुलगी तीन तास प्रश्नपत्रिकेकडे डोळे बारीक करून बघत बसेल. ‘काळा गॉगल नको, नंबरचा चष्मा घालून ये’ असं दोन्ही बाजूंनी लिहा. ‘वॉच’ म्हणजे कुठलंही घड्याळ, काट्यांचं साधंसुद्धा. ‘हेल्थ बँड’ म्हणजे हातातला तो रबरी पट्टा, जत्रेत दोनशे रुपयांना मिळतो तो. ‘कम्युनिकेशन डिव्हाइस’ असं लिहिण्यापेक्षा मोबाइल, इअरफोन, ब्लूटूथ लिहा आणि पुढे जोडा, ‘बंद करूनही नाही.’ ‘वॉलेट’ म्हणजे पाकीट, ‘हँडबॅग’ म्हणजे खांद्याची पर्स, पट्टा आणि टोपी यादीत आहेतच.

‘प्लास्टिक पाउच’वर जरा थांबा. कागद मळू नयेत, भिजू नयेत म्हणून आई हॉल तिकीट आणि आधार प्लास्टिकच्या पिशवीत किंवा चेनच्या फोल्डरमध्ये घालून देते. ती पिशवी यादीत बसते. प्रवासात जरूर वापरावी, फाटकापाशी कागद बाहेर काढून पिशवी वडिलांकडे द्यावी.

खायचे पदार्थ, उघडे असोत की पाकीटबंद, आत चालत नाहीत. याचा अर्थ विद्यार्थ्याच्या पोटाच्या भाषेत सांगावा लागतो: साडेअकराला आत गेली की पाचपर्यंत काही खायला नाही. तेव्हा डबा फाटकाबाहेरच संपवायचा. पाण्याची बाटली चालते, पण ‘ट्रान्स्परंट’, म्हणजे आरपार दिसणारी. स्टीलची किंवा रंगीत नाही.

आणि एक वाक्य जे यादीच्या शेवटी असतं आणि अनुवादात गळतं: वस्तू ठेवायची केंद्रावर कसलीही सोय नाही. शहरातल्या मुलाबरोबर कोणीतरी गाडी घेऊन आलेलं असतं. ही मुलगी एकटी आली तर मोबाइल, पर्स, कानातले ठेवणार कुठे? म्हणून बरोबर एक मोठं माणूस असावं आणि ते पाचपर्यंत बाहेर थांबावं, हे सूचनेतून आपोआप निघतं, पण लिहिल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येत नाही.

कपड्यांचं ते अवघड वाक्य

सूचनांत एक वाक्य असं येतं: ‘लाइट क्लोद्स विथ लाँग स्लीव्ज आर नॉट परमिटेड.’ याचं मराठी मी ‘फिकट रंगाचे कपडे चालणार नाहीत’ असं झालेलं वाचलंय आणि ‘फिकट रंगाचेच कपडे घाला’ असंही वाचलंय. दोन्ही चूक, मूळ वाक्यात रंगाचा काही संबंध नाही. सांगायचं आहे ते बाह्यांबद्दल: पूर्ण बाह्या नकोत, साधे हलके कपडे घाला. मराठीत ‘अर्ध्या बाह्यांचा साधा ड्रेस’ लिहिलं की विषय संपला. गावाकडे पंजाबी ड्रेस बहुतेक लांब बाह्यांचे शिवलेले असतात, त्यामुळे हे चार दिवस आधी कळलं तर शिंपिणीकडे बाह्या कमी करून घेता येतात.

पुढे म्हटलंय की पारंपरिक किंवा धार्मिक पेहराव असेल तर दुपारी १२:३० च्या आत या, कारण तपासणीला वेळ लागतो. हे बंदीचं वाक्य नाही, लवकर येण्याचं आहे. बुरखा किंवा पगडी घालणाऱ्या मुलांना नेमकं हेच सांगायला हवं: घालून या, पण साडेबाराच्या आत.

बूट चालत नाहीत, चप्पल किंवा कमी टाचेची सँडल चालते. गावात ‘परीक्षेला बूट घालून नीटनेटकं जावं’ असं मोठी माणसं सांगतात, म्हणून हेही उलट बाजूने लिहा.

‘फ्रिस्किंग’ला ‘अंगझडती’ लिहिलं की पोलीस डोळ्यांपुढे येतात आणि मुलीची आई घाबरते. ‘आत सोडताना मशीन फिरवून तपासतात, मुलींना आडोशाला बाई माणूसच तपासते’ असं लिहा. हे दुसरं वाक्य सूचनांतच आहे, आपलं पदरचं नाही.

घरी काय करायचं आणि तिथे जाऊन काय

हॉल तिकिटाच्या प्रिंटमध्ये स्वयंघोषणेचं पान असतं. त्यावर अर्जातलाच फोटो चिकटवणं आणि डाव्या अंगठ्याचा ठसा देणं हे घरून करून न्यायचं. सही मात्र तिथे, पर्यवेक्षकासमोर करायची. चौकटीखाली बारीक अक्षरात ‘इन द प्रेझेन्स ऑफ इन्व्हिजिलेटर’ असं असतं. उत्साहात मुलं आदल्या रात्रीच सगळीकडे सह्या ठोकतात. मराठीत त्या चौकटीबद्दल ‘इथे काहीच लिहू नको, मोकळी ठेव’ असं सांगा. ‘पर्यवेक्षकांच्या उपस्थितीत स्वाक्षरी करावी’ असं लिहिलं तर भाषा शुद्ध आहे, पण चौकट भरून येते.

ठशासाठी शाईचं पॅड ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत मिळतं. ठसा पसरला, डाग झाला तर नवीन प्रिंट लागेल, म्हणून दोन प्रिंट काढून ठेवायला सांगा.

फोटो दोन मापांचे लागतात. एक पोस्टकार्ड आकाराचा, स्टुडिओवाल्याला ‘फोर बाय सिक्स’ म्हटलं की कळतं, तो दिलेल्या पानावर चिकटवायचा. आणि एक पासपोर्ट आकाराचा सुटा, हजेरीपटावर लावायला. ही कामं वस्तीवर होत नाहीत, जतला जावं लागतं. म्हणून पहिला मेसेज ‘आज-उद्या करायचं’ एवढ्याच गोष्टींचा पाठवा आणि परीक्षेच्या दिवसाचा दुसरा. सगळं एकात कोंबलं तर फोटोची ओळ शनिवारी संध्याकाळी सापडते आणि स्टुडिओचं शटर खाली असतं.

ओळखपत्र ‘ओरिजिनल’ लागतं. झेरॉक्स, साहेबाचा शिक्का मारलेली असली तरी नाही. मोबाइलमधला फोटोही नाही, आणि मोबाइल तर आत नाहीच. आधार असेल तर उत्तम. गावात झेरॉक्सला लॅमिनेशन करून तेच ‘ओरिजिनल’ म्हणून वापरतात, तेव्हा ‘कपाटातलं मूळ कार्ड काढून बघ’ असं लिहा.

तयार मेसेज असा दिसतो

वरचं सगळं घालून परीक्षेच्या दिवसाचा मेसेज लिहिला तो हा. मुलगी ओळखीची आहे, म्हणून ‘तू’. अनोळखी पालकांना पाठवत असाल तर ‘तुम्ही’ करा, पण ‘उमेदवाराने’ नको. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्या शब्दाने कळतच नाही.

‘नीट परीक्षा, रविवार. केंद्राचा पत्ता हॉल तिकिटावर आहे, तुझं केंद्र मिरजेत आहे, सांगलीत नाही. मिरज स्टँडला उतर.

सकाळी ११:३० ला (साडेअकरा) फाटकापाशी पोच. उशीर झाला तरी परत फिरू नको. दुपारी १:३० ला (दीड) फाटक बंद होतं, मग कोणालाच घेत नाहीत. पेपर दुपारी २ ते ५.

आत न्यायचं एवढंच: हॉल तिकिटाची सगळी पानं, मूळ आधार कार्ड, पासपोर्ट फोटो एक, पोस्टकार्ड फोटो चिकटवलेलं पान, आरपार दिसणारी पाण्याची बाटली. बाकी काही नाही.

बारावीसारखं पेन, पॅड, कंपास, पट्टी, खोडरबर नको. पेन तिथे मिळतं. मोबाइल, कुठलंही घड्याळ, पर्स, पाकीट, प्लास्टिकची पिशवी, पट्टा, टोपी, काळा गॉगल नको. कागदाचा एक कपटाही नको. नंबरचा चष्मा घालून ये. कानातले, चमकी, पैंजण, चेन, पिना आदल्या रात्री घरी काढून ठेव. डबा बाहेरच खा, आत नेता येत नाही आणि पाचपर्यंत काही मिळणार नाही.

अर्ध्या बाह्यांचा साधा ड्रेस, पायात चप्पल. बूट नको.

सहीची चौकट मोकळी ठेव. सर सांगतील तेव्हा त्यांच्यासमोर सही कर.

यापैकी नको असलेलं काही सापडलं तर कॉपीची केस होऊ शकते, आणि वस्तू ठेवायला तिथे जागा नाही.

हे माझं सांगणं: सव्वासहाला घर सोडा, जतहून साडेसातच्या आतली गाडी धरा. वडिलांनी पाचपर्यंत बाहेर थांबावं.’

बघा, इंग्रजीत ‘शॅल नॉट’ आहे तिथे मराठीत सरळ ‘नको’ आणि ‘नाही’ आलंय, आणि ‘मे’ आहे तिथे ‘होऊ शकते’. कॉपीच्या केसबद्दल ‘होणारच’ लिहून घाबरवायचं नाही, आणि फाटकाबद्दल ‘कदाचित घेणार नाहीत’ लिहून आशा लावायची नाही. नियम जेवढा घट्ट, तेवढंच वाक्य घट्ट.

‘हॉल तिकीट’, ‘सेंटर’, ‘ओएमआर’ हे शब्द तसेच राहू द्या. केंद्रावर तेच कानावर पडणार आहेत. ‘प्रवेशपत्र’ लिहिलं तर कॉलेजच्या ॲडमिशनचा कागद असं समजणारे भेटतात.

कळलं का, हे कसं ओळखायचं

‘समजलं का?’ विचारलं की ‘हो’ येतं. त्यापेक्षा फोन करा आणि म्हणा, ‘रविवारी हातात काय काय असेल ते सांग बघू.’ तिने ‘हॉल तिकीट, आधार, फोटो, बाटली… आणि पेन’ असं म्हटलं, तर पेनाची ओळ पोचलेली नाही. मग ‘अकरा पन्नास झाले आणि तू अजून कवठेमहांकाळलाच आहेस, काय करशील?’ तिने ‘घरी फोन करते’ म्हटलं तर वेळेचा परिच्छेद पुन्हा लिहा, दोष तुमच्या वाक्यात आहे. तिसरा प्रश्न सहीचा: ‘सही झाली का सगळीकडे?’ ‘हो, कालच केली’ असं आलं तर ताबडतोब दुसरी प्रिंट.

घरातल्या मोठ्यांना वाचता येत नसेल तर वेळेचा आणि निघण्याचा भाग तेवढा आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. पूर्ण यादी आवाजात पाठवू नका, पाचव्या वस्तूनंतर कोणी ऐकत नाही. जतच्या पूर्व भागात काही घरांत कन्नड बोलतात, तिथे वडिलांना फोनवर त्यांच्याच भाषेत सांगणारं शेजारचं कोणी बघा.

प्रश्नपत्रिका मराठी माध्यमाची निवडली असेल तर आणखी एक सूचना अनुवादात हवी. मराठी आणि इंग्रजी प्रश्नात फरक आढळला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. प्रश्न विचित्र वाटला तर शेजारचा इंग्रजी वाचायचा, एवढं लिहा.

तुम्ही पाठवलेला हा मराठी मेसेज बरीच मुलं कागदावर उतरवून घेतात आणि खिशात ठेवतात. तोही कागदाचा कपटाच. फाटकाबाहेर वडिलांच्या हातात द्यायला सांगा. आणि मोबाइल दोघांपैकी एकाकडेच असणार, म्हणून पाचनंतर भेटायची जागा सकाळीच ठरवायची: फाटकासमोर गर्दीत नको, डाव्या हाताची चहाची टपरी किंवा समोरचं औषधाचं दुकान, असं बोट दाखवून. जतकडची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते वडिलांनी पेपर चालू असतानाच स्टँडवर विचारून यावं.